घड्याळातला ऑक्सिजन आणि घड्याळातला ईसीजी : तो आकडा नेमकं काय सांगतो?



या लेखाला दोन निमित्तं झाली. पहिलं चौथीच्या वर्गातलं. एक मुलगा वडिलांचं स्मार्ट घड्याळ घालून शाळेत आला आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांचा 'ऑक्सिजन' मोजत बसला. एकीने मला येऊन विचारलं, "बाई, सुई न टोचता घड्याळाला रक्तातलं कसं कळतं?" प्रश्न इतका चांगला होता की उत्तर उद्या देते असं सांगून मी वेळ मारून नेली. दुसरं निमित्त घरचं आहे. ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

माझे मामा दहिवलीतच राहतात. वय ६३, रेल्वेतून निवृत्त. पुण्याच्या मुलाने त्यांना दिवाळीत चांगल्यापैकी महागाचं घड्याळ दिलं होतं, ईसीजी काढणारं. एका रात्री तीनच्या सुमारास मामांना छातीत जळजळ आणि जबड्यात ठणका सुरू झाला. दरदरून घाम आला. संध्याकाळी लग्नात जेवले होते, म्हणून त्यांना वाटलं पित्त असणार. तरी खबरदारी म्हणून घड्याळावर ईसीजी काढला. पडद्यावर Sinus Rhythm असं आलं आणि नाडी ७४. ऑक्सिजन पाहिला तर ९७. मामी म्हणाल्या, "चला दवाखान्यात." मामा म्हणाले, "मशीन सांगतंय सगळं नॉर्मल, कशाला रात्रीचं कुणाला उठवायचं?" थंड दूध प्यायले आणि आडवे झाले. साडेपाचला पुन्हा ईसीजी काढला, पुन्हा तेच उत्तर. सात वाजता मात्र उभं राहवेना, तेव्हा रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथे छातीला, हातापायांना वायरी लावून काढलेल्या ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन त्यांना पुढे नवी मुंबईला हलवलं. मामा वाचले, पण चार तास गेले होते आणि त्या चार तासांत हृदयाचा काही स्नायू कायमचा गेला. आता पूल ओलांडून कर्जत स्टेशनपर्यंत चालताना त्यांना मध्ये थांबावं लागतं.

मी डॉक्टरांना विचारलं, घड्याळ चुकलं का? ते म्हणाले, "अजिबात नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं."

मग त्याला नेमकं काय विचारलं होतं? आधी ऑक्सिजनचं बघू, कारण वर्गात तेच दाखवणं सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, मोबाईलची बॅटरी लावली आणि मुलांना तिच्यावर बोट ठेवायला सांगितलं. बोट लालभडक उजळलं. बॅटरीचा प्रकाश पांढरा, म्हणजे त्यात सगळे रंग आहेत. बोटातून पलीकडे आला तो लाल. बाकीचे रंग आतल्या आत शोषले गेले. हिरवा तर रक्त फारच शोषून घेतं. म्हणूनच नाडी मोजायला बऱ्याच घड्याळांच्या पाठीला हिरवे दिवे असतात. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त किंचित वाढतं, हिरवा प्रकाश कमी परततो. पुढच्या क्षणी रक्त ओसरतं, प्रकाश जास्त परततो. हा चढउतार मोजला की नाडी मिळाली.

ऑक्सिजनसाठी याच्या पुढची एक पायरी आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन जात असेल तेव्हा तांबडंलाल असतं, ऑक्सिजन सोडून दिल्यावर काळपट होतं. काळपट रक्त लाल प्रकाश जास्त शोषतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत हे उलट होतं. म्हणून यंत्र दोन्ही प्रकाश आळीपाळीने सोडतं आणि दोन्हींच्या शोषणाचं गुणोत्तर काढतं. पण त्वचा, हाड, स्नायू हेही प्रकाश शोषतातच की! त्यांचं काय? इथे खरी युक्ती आहे. हाड आणि त्वचा ठोक्यागणिक बदलत नाहीत, बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. म्हणून यंत्र स्थिर भाग वगळून फक्त थरथरणारा भाग हिशोबात घेतं. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची. १९७० च्या दशकात त्यांना ती सुचली आणि आज आयसीयूपासून आशाताईंच्या पिशवीपर्यंत सगळीकडे ती वापरात आहे.

आता त्या गुणोत्तरावरून टक्केवारी कशी येते? कुठल्या सूत्राने थेट येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासात देऊन, त्याच वेळी त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून एक तक्ता तयार करतात. यंत्राला तो तक्ता पाठ असतो. माणसाला धोका होईल इतका ऑक्सिजन कुणी प्रयोगासाठी उतरवत नाही, त्यामुळे ७० च्या खालचा आकडा दिसलाच तर तो जवळपास अंदाजच समजायचा. आणि त्या स्वयंसेवकांमध्ये गोऱ्या लोकांचं प्रमाण जास्त असेल तर? अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की बोटाचं यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्याही खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांमध्ये शंभरातल्या सुमारे ४ वेळा आणि कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये सुमारे १२ वेळा झालं. गडद त्वचेत यंत्र आकडा थोडा चढवून सांगू शकतं. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे डोक्यात ठेवावं असं मला वाटतं.

हे झालं बोटाच्या, दवाखान्यात वापरायच्या यंत्राचं. बोटाला प्रकाश एका बाजूने टाकतात आणि दुसऱ्या बाजूला पकडतात. मनगट जाड, मध्ये हाडं. तिथे प्रकाश आरपार जात नाही, परत फिरून येईल तेवढाच मिळतो. बोटाच्या टोकाला रक्ताच्या बारीक नळ्यांचं दाट जाळं असतं, मनगटाच्या वरच्या बाजूला ते विरळ. म्हणजे मुळात आवाज कमी आणि गोंगाट जास्त. पट्टा सैल असला, हात गार असला, हात हलला, झोपेत हातावर डोकं आलं, की आकडा घसरतो. आमच्या एका मॅडमनी सकाळी उठून पाहिलं तर रात्री अडीचला ८५! त्या दिवशी त्यांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. रात्री पट्टा सैल होऊन घड्याळ मनगटाच्या कडेला गेलं होतं, एवढंच. खेड्यातल्या आजीच्या मनगटावर गोंदण असेल तर शाईच प्रकाश पिऊन टाकते आणि घड्याळ एकतर गप्प बसतं किंवा भलतंच काही सांगतं.

बोटाच्या यंत्रालाही दोन-तीन अंकांची चूक मान्यच असते, आणि तीही साधारण तीन वेळांपैकी दोनदा. तिसऱ्या वेळी ती त्याहून जास्त असू शकते. म्हणजे ९५ दिसलं तर खरा आकडा ९२ किंवा ९८ ही असेल. घड्याळात ही फट आणखी मोठी धरावी. बहुतेक घड्याळांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही. ते खरोखर वाचावं.

मग आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? माझी साधी कसोटी अशी. स्वस्थ बसावं, हात चोळून गरम करावे, घड्याळ मनगटाच्या हाडापासून थोडं वर, घट्टसर बांधावं आणि हात टेबलावर ठेवावा. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी आपली नाडी अर्धा मिनिट मोजावी आणि दुप्पट करावी. घड्याळाची नाडी तिच्याशी जुळत नसेल तर त्याचा ऑक्सिजनही सोडून द्यावा, कारण दोन्ही त्याच थरथरीतून निघतात. जुळली तरी आकडा बरोबरच असेल असं नाही, पण न जुळली तर निश्चित चुकलाय. स्वस्तातल्या घड्याळांची आणखी एक परीक्षा मी वर्गात घेतली. त्या मुलाचं घड्याळ वहीच्या गुंडाळीला बांधलं. वहीचा ऑक्सिजन ९८ आला आणि नाडी ८१! वर्ग हसून लोळला. (वडिलांना मात्र ते मुळीच आवडलं नाही.)

कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा घरोघर बोटाचं ऑक्सिमीटर फिरलं. तेव्हापासून ९५ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. पुढच्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती. चालण्याआधी मोजा, सहा मिनिटं चाला, पुन्हा मोजा. मला ती शिकवायला फार आवडते. कारण तिच्यात एका आकड्यापेक्षा आकडा किती उतरला याला महत्त्व आहे. यंत्र कायमचं दोन अंकांनी चुकत असेल तरी आधी आणि नंतर दोन्हीकडे तेवढंच चुकेल, उतार खरा दिसेल.

आणखी एक गोष्ट, मुलींच्या पालकांसाठी. ऑक्सिजन ९८ असला म्हणजे अंगात ऑक्सिजन भरपूर, असं नाही. आपली कर्जत लोकल डोळ्यांसमोर आणा. १२ डब्यांच्या गाडीत शंभरातल्या ९८ जागा भरल्या आणि ६ डब्यांच्या गाडीतही ९८ भरल्या. टक्केवारी सारखीच, पण माणसं निम्मी गेली. हिमोग्लोबिन म्हणजे डबे. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन १३ आहे तिच्या १०० मिलिलिटर रक्तात १३ × १.३४ × ०.९८, म्हणजे सुमारे १७ मिलिलिटर ऑक्सिजन जातो. ज्या मुलीचं ७ आहे तिच्या रक्तात सुमारे ९. घड्याळ दोघींनाही ९८ च दाखवेल. कवायतीत धापा टाकणाऱ्या मुलीला 'ऑक्सिजन तर बरोबर आहे, नाटक करतेस' असं म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

आता ईसीजीकडे, म्हणजे मामांच्या रात्रीकडे.

हृदय आकसण्याआधी त्याच्यातून एक विजेची लहर जाते. ती इतकी सौम्य असते की आपल्याला जाणवत नाही, पण ओल्या त्वचेपर्यंत पोचते. नेदरलँड्समधल्या विलेम आइंथोवन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ती नोंदवायचं यंत्र केलं. त्यांच्या जुन्या फोटोंत माणूस मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत दोन हात आणि एक पाय बुडवून बसलेला दिसतो! १९२४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. हात आणि पाय यांच्या वेगवेगळ्या जोड्या करून त्यांनी वीज मोजली. त्यातली पहिली जोडी उजवा हात आणि डावा हात. आजही तिचं नाव लीड एक.

घड्याळ हीच एक जोडी वापरतं. घड्याळाची पाठ डाव्या मनगटाला टेकलेली असते आणि उजव्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर किंवा कडेवर ३० सेकंद ठेवायचं असतं. असं केलं की वर्तुळ पुरं होतं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे लगेच पटतं, कारण एकाच वायरने बल्ब लागत नाही हे त्यांनी करून पाहिलेलं असतं. आणि यातूनच एक उपयोगी खूण मिळते. दुकानदार सांगत असेल की घड्याळात ईसीजी आहे, पण दुसऱ्या हाताचं बोट कुठेही लावावं लागत नसेल, तर तो ईसीजी नव्हे. प्रकाशावरून काढलेल्या नाडीला ईसीजीसारखी रेघ चिकटवलेली आहे, एवढंच.

दवाखान्यातल्या ईसीजीत १० ठिकाणी वायरी लावतात आणि त्यांतून हृदयाकडे १२ दिशांनी पाहतात. घड्याळ एका दिशेने पाहतं, आडवं, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत. आपल्याकडच्या घराचा ओटीवरून एकच फोटो काढला तर दार उघडं आहे का, दिवा लागलाय का हे कळेल. मागच्या पडवीत आग लागली असेल तर त्या फोटोत ती कदाचित दिसणारही नाही. हृदयाची खालची भिंत पोटाच्या पडद्यावर टेकलेली असते. तिथे रक्त थांबलं तर रेघेतला ठळक बदल पायाकडून पाहणाऱ्या दिशांना दिसतो. डॉक्टर त्यांना लीड दोन, तीन आणि एव्हीएफ म्हणतात. मामांच्या दवाखान्यातल्या कागदावर याच तीन ठिकाणी ठोक्यानंतरची रेघ जमिनीवर न उतरता उंचावलेली होती. लीड एकमध्ये असलाच तर एक फिकट उलटा पडसाद असतो, आणि घड्याळ तो शोधतच नाही.

मग घड्याळ शोधतं तरी काय? ठोक्यांची लय. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का, प्रत्येक मोठ्या टोकाआधी छोटा उंचवटा आहे का. Sinus Rhythm याचा अर्थ ठोके हृदयाच्या नेहमीच्या जागेतून, नियमित निघताहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. नळी तुंबली तरी लय बराच वेळ शिस्तीत चालू शकते. मामांची ७४ ची नाडी आणि नियमित ठोके खरे होते. ९७ ऑक्सिजनही खरा होता, कारण फुप्फुसं ठणठणीत होती. तिन्ही आकडे खरे आणि तरी माणूस अटॅकमध्ये. ईसीजी पहिल्यांदा सुरू करताना घड्याळ स्पष्ट सांगतं की हे हार्ट अटॅक ओळखत नाही. पण ते पडदे मुलाने पुण्यातच पुढे-पुढे दाबून टाकले होते. मामांनी ते वाक्य कधी पाहिलंच नाही.

छातीत दाब किंवा जळजळ, जबडा-खांदा-हात यांत दुखणं, घाम, धाप, यांपैकी काही दहा-पंधरा मिनिटं राहिलं तर घड्याळ काहीही म्हणो, १०८ ला फोन करायचा आणि जिथे वायरींचा ईसीजी निघतो तिथे जायचं. अटॅक सुरुवातीच्या तासांत वायरींच्या ईसीजीतही कधी कधी पुसट असतो. म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने तो परत काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. दहा वायरींचं यंत्र जिथे एकदा पाहून थांबत नाही, तिथे घड्याळाच्या एका रेघेवर झोपी जाणं कसं चालेल?

पण घड्याळाची एक बाजू खरोखर कामाची आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा एक विकार असतो. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात आणि ठोके कसेही, अनियमित पडतात. त्या कप्प्यांत रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर लकवा. पंचाईत अशी की हा विकार येतो आणि जातो. दवाखान्यात जाईपर्यंत लय पुन्हा नीट झालेली असते, ईसीजी नॉर्मल येतो आणि माणूस घरी परततो. धडधड चालू असतानाच मनगटावर रेघ निघाली तर डॉक्टरांना तो क्षण हाती लागतो. लीड एकमध्ये लय चांगली दिसते, त्याला बारा दिशा लागत नाहीत. मात्र पडद्यावरचा निकाल घेऊन घरीच औषध ठरवायचं नसतं. पीडीएफ डॉक्टरांना दाखवायची, रेघ ते स्वतः वाचतात. हात थरथरला, त्वचा कोरडी असली किंवा नाडी फार मंद वा फार जलद असली तर Inconclusive येतं. त्याचा अर्थ 'सांगता येत नाही' एवढाच आहे, घाबरण्यासारखं किंवा निर्धास्त होण्यासारखं त्यात काही नाही.

आणि पालकहो, मुलांच्या हातावर हा खेळ नको. ॲपलने आपल्या ईसीजीसाठी २२ वर्षं ही किमान वयाची अट ठेवली आहे. लहान मुलांची नाडी मुळातच जलद असते आणि श्वास घेताना वाढते, सोडताना कमी होते. ते अगदी निरोगीपणाचं लक्षण आहे. मोठ्यांच्या मापाने पाहिलं तर तीच लय बिघडल्यासारखी वाटू शकते. चौथीच्या मुलांनी स्वतःच्या गळ्याजवळची नाडी मोजून, मैदानाची एक फेरी मारून पुन्हा मोजावी. आमच्या वर्गाने तेच केलं, आणि श्वासागणिक नाडी बदलते हे एका मुलीने आपण होऊन शोधून काढलं.

मामा घड्याळ अजून घालतात. डॉक्टरांनीच सांगितलंय. अटॅकनंतर त्यांना मधूनच धडधड होते, तेव्हा बसून, दोन्ही हात टेबलावर टेकवून रेघ काढायची आणि वहीत वेळ व तेव्हा काय करत होते ते लिहायचं. गेल्या महिन्यात त्यांनी तीन रेघा दाखवल्या. त्यातल्या दोन नेहमीच्या होत्या. तिसऱ्या रेघेतली अंतरं डॉक्टरांनी पट्टीने मोजली, ती सारखी नव्हती. म्हणून गुरुवारी त्यांना २४ तास छातीला लावून ठेवायचं होल्टर नावाचं यंत्र बसवलं. ते शुक्रवारी काढून दिलं, अहवाल सोमवारी मिळणार आहे.